दोन सेट झेरॉक्स, चार फोटो

ही 2025च्या जूनमधली गोष्ट. बुधवारी रात्री जेवून उठतोय तोच शेजारच्या काकूंचा मुलगा दारात. हातात मोबाईल. बीकॉमचा निकाल नुकताच लागला होता आणि आमच्या मनवेलपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता.

"दादा, हे बघा ना. शुक्रवारी जायचं की शनिवारी?"

मेसेज साधारण असा: मेगा वॉक-इन ड्राइव्ह! फ्रेशर्स चालतील. शुक्रवार, 14 जून, सकाळी 10 ते 1. स्थळ मालाड, माइंडस्पेस. सोबत आणा: रिझ्युमेच्या दोन प्रती, आधार, पॅन, सर्व मार्कशीट (ओरिजिनल + दोन सेट झेरॉक्स), चार फोटो. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य: "कृपया सर्व गरजूंपर्यंत पोचवा."

गोंधळ तारखेचा होता. 14 जूनला शनिवार होता आणि मेसेज म्हणत होता शुक्रवार. त्याला वाटलं टायपिंगची चूक. मला सवयीने वेगळीच शंका आली. लॅपटॉप उघडलेलाच होता.

```
$ date -d 2024-06-14 +%A
Friday
```

मेसेज वर्षभर जुना होता! साध्या वर्षात 365 दिवस, म्हणजे 52 आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते (मध्ये 29 फेब्रुवारी आला तर दोन). मेसेजमध्ये वर्ष लिहिलं नव्हतं, पण वार आणि तारखेची जोडी ते सांगून गेली. शिवाय वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे हातोहात बराच फिरलेला. पोरगा दोन सेट झेरॉक्स काढून बसला होता. ते फुकट गेले, पण विरार-मालाड फेरी वाचली.

आता तुम्ही म्हणाल, जुना मेसेज ओळखला, विषय संपला. पण माझी खरी तक्रार ताज्या, अस्सल मेसेजबद्दल आहे. त्यात काय आणायचं हे फोटोच्या संख्येसकट लिहिलेलं असतं. जागा किती आणि त्या दिवशी माणसं किती बघणार, हे दोन आकडे मात्र बहुतेक वेळा नसतात.

गणित अगदी सोपं आहे. 10 ते 1 म्हणजे तीन तास. एका मुलाखतीला पंधरा मिनिटं धरली तर एका टेबलावर बारा माणसं. पाच टेबलं मांडली तर साठ. आले सहाशे, तर पाचशे चाळीस जणांचं काय करणार? रिझ्युमे गोळा करायचे आणि "आम्ही फोन करू" म्हणायचं. हे गणित मेसेज लिहिणाऱ्यालाही करता येतं. फक्त त्याच्या बाजूने गर्दीचा खर्च शून्य आहे. सुट्टी टाकून, पहाटे उठून, विरारहून येणाऱ्याच्या बाजूने तो पूर्ण दिवसाचा आहे.

मुंबईने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. 16 जुलै 2024, कलिना. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस ही विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यापासूनची कामं करणारी कंपनी. तिने लोडर वगैरे पदांसाठी वॉक-इन ठेवला होता. बातम्यांमध्ये जागांचा आकडा साधारण 2,200 आला आणि आलेल्यांचा पंधरा ते पंचवीस हजार. गेटवर रेटारेटी झाली, चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. शेवटी रिझ्युमे ठेवून जा, असं सांगून लोकांना परत पाठवलं. त्याच महिन्यात गुजरातेत अंकलेश्वरला 10 जागांच्या मुलाखतींना इतके लोक आले की हॉटेलच्या दारातलं रेलिंग तुटलं.

कलिनाच्या व्हिडिओवर तेव्हा टाटांच्या नावाने बोटं मोडली गेली. वास्तविक 2022च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही कंपनी सरकारकडेच राहिली होती. असो.

आमच्या धंद्यात अशा भानगडीला जुनं नाव आहे, थंडरिंग हर्ड. एक हाक दिली की झोपलेली सगळी प्रोसेस एकदम जाग्या होतात, काम एकीलाच मिळतं, बाकीच्या धडपडून परत झोपतात. त्यावर उपायही जुना आहे. सगळ्यांना एकदम उठवू नका, रांगेत नंबर द्या.

मग वॉक-इन बंदच करावेत का? नाही, आणि इथे माझे ऑफिसातले मित्र माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, सगळं ऑनलाइन करा, चाळणी लावा, निवडक लोक बोलवा. पण ती चाळणी कोणाला गाळते? ज्याचं एक वर्ष गेलंय, टक्के कमी आहेत, कॉलेजचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्याला. वॉक-इन हे असं दार आहे जिथे असा मुलगा निदान एका माणसासमोर पाच मिनिटं बसू शकतो. ते दार राहू दे. दाराची रुंदी मात्र पाटीवर लिहा: जागा 40, त्या दिवशी 120 जणांना बघू, टोकन 9 वाजता, संपली की पुढची तारीख. एवढी एक ओळ वाढवायला पैसे लागत नाहीत. ती वाचून निम्मी माणसं पहिल्या दिवशी येणारच नाहीत, आणि जी येतील ती जाणूनबुजून येतील.

आणि ही ओळ येईपर्यंत? त्या रात्री मी काकूंच्या मुलाला सांगितलं तेच इथे सांगतो. मेसेजमधल्या नंबरवर फोन करून खात्री करायची नाही, कारण तो नंबर मेसेजनेच दिलाय. कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडायची आणि तिथे तीच तारीख, तेच स्थळ आहे का बघायचं. नसेल तर जायचं नाही.

पैसे मागितले की फसवणूक, हा नियम चांगला आहे पण पुरेसा नाही. काही सरकारी भरतींच्या वॉक-इनला अर्जाची फी असते, ती कंपनीच्या नावाने डिमांड ड्राफ्टने भरतात आणि तसं अधिकृत जाहिरातीत छापलेलं असतं. खासगी नोकरीसाठी कुणा "एचआर मॅडम"च्या मोबाईल नंबरवर यूपीआय करायला सांगणं हे प्रकरण वेगळं. तिथे थांबायचं.

ओरिजिनल मार्कशीट दाखवायची, ठेवून यायची नाही. झेरॉक्सवर सही करून आडवं लिहायचं: "फक्त अमुक कंपनीच्या मुलाखतीसाठी", खाली तारीख. आधारची प्रत द्यायचीच तर पहिले आठ अंक झाकलेली, ती आधारच्या अधिकृत साइटवरून मिळते. पाचशे चाळीस जणांच्या कागदांचे गठ्ठे संध्याकाळी कुठे जातात, हे कोणीच विचारत नाही.

राहता राहिला फॉरवर्ड करणारा. आमच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला होता ज्या काकांनी, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "एखाद्या पोराचं भलं होईल" म्हणून टाकला. मीही असे टाकलेत. पण वार आणि तारीख न जुळवता पाठवलेला मेसेज म्हणजे दुसऱ्याचा दिवस आपण खर्च करणं. आता मी आधी कॅलेंडर बघतो, मग कंपनीची साइट, आणि खाली वर्ष लिहून मगच पुढे ढकलतो.

पोराला पुढे ऑगस्टमध्ये अंधेरीला काम लागलं. वॉक-इनमधूनच. आठव्या की नवव्या. त्या दिवशी टोकन दिली होती, त्याचं 31 नंबरचं होतं.