चार सौदे आणि एक व्याज

अंधेरी-जोगेश्वरीपासून कुर्ला-घाटकोपरपर्यंत आपली बरीच तरुण मुलं मोबाइलवर ऑप्शन्सचे सौदे करतात. त्यातल्या काहींचा युक्तिवाद असा : बँकेतली एफडी हराम, कारण तिथे व्याज आहे, पण निफ्टीचा 'बॉक्स' हलाल, कारण ती खरेदी-विक्री आहे. हा युक्तिवाद तपासायला फिकहच्या आधी साधी वजाबाकी पुरते.

समजा, निफ्टीच्या तीन महिन्यांनी संपणाऱ्या ऑप्शन्सचे भाव असे आहेत. २४,००० चा कॉल ९८० ला घेतला, २५,००० चा कॉल ४७० ला विकला. २५,००० चा पुट ८६३ ला घेतला, २४,००० चा पुट ३९० ला विकला. खिशातून गेले ९८३.

आता मुदतीच्या दिवशी निफ्टी २३,५०० वर आला, तर घेतलेला पुट १,५०० देतो आणि विकलेला पुट ५०० घेऊन जातो. उरले १,०००. निफ्टी २४,६०० वर असला, तर कॉलचे ६०० आणि पुटचे ४००. पुन्हा १,०००. २६,००० ला गेला, तर घेतलेल्या कॉलचे २,००० मिळतात, विकलेल्याचे १,००० जातात. तरीही १,०००!

म्हणजे बाजार कुठेही जावो, आज ९८३ द्यायचे आणि तीन महिन्यांनी १,००० घ्यायचे. वरचे १७ हे ९८३ वर तीन महिन्यांचे पावणेदोन टक्के, वर्षाला साधारण सात. हे कर्जच आहे. उलट बाजूने बॉक्स विकणारा आज ९८३ घेतो, नंतर १,००० फेडतो. तो कर्जदार. व्याजाचा दर कुठे लिहिलेला नसतो, एवढंच. तो चार भावांत लपलेला असतो.

"पण हा व्यापार आहे," असं कुणी म्हणेल. व्यापारात नफ्याबरोबर जोखीम येते. इथे चार सौदे मुद्दाम असे जुळवलेत की भावाची जोखीम शून्य व्हावी. मग उरतो तो फक्त मुदतीचा मोबदला.

ही युक्ती जुनीच आहे. कापड १,००० ला उधार विकायचं आणि लगेच ९८३ रोख देऊन परत घ्यायचं. कापड जिथल्या तिथे, कर्ज मात्र उभं. फिकहमध्ये याला 'ईना' म्हणतात. बहुतेक मजहबांनी ती नाकारली. आपले कोकणी शाफई बांधव म्हणतील, आमच्या इमामांनी सौद्याचं बाह्यरूप पाहून तिला वैध धरलं. खरं आहे. पण तिथे निदान कापड होतं. निफ्टी हा निर्देशांक. त्यात ताब्यात घेण्यासारखं काहीच नाही, हिशेब रोखीतच मिटतो. शिवाय जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९२ मध्येच ऑप्शन्सचे करार नाजायज ठरवले आहेत.

गंमत म्हणजे चार सौद्यांची दलाली, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत वजा केली, की छोट्या माणसाच्या हाती त्या १७ पैकी फारसं काही उरतही नाही. एफडीचं व्याज निदान पासबुकात व्याज म्हणून छापलेलं असतं. त्याला नकार द्यायचा असेल, तर बॉक्सलाही द्या. नाव बदलून घेतलेलं व्याज व्याजच असतं. वर स्वतःची फसवणूक होते ती वेगळीच.