एका स्लाइसमध्ये प्रथिने किती, चरबी किती?

संगमेश्वरच्या बाजारात आता चीजच्या स्लाइस सहज मिळतात. पोराला प्रोटीन मिळेल म्हणून वस्तीतल्या अनेक आया डब्यातल्या चपातीत एक स्लाइस घालतात. त्यांच्या इच्छेत काही चूक नाही, पण हिशेब करून पाहायला हवा.

पाकिटावरचे आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. स्लाइस साधारण २० ग्रॅमची, म्हणून आकड्याला पाचाने भागा. प्रोसेस्ड चीजच्या एका स्लाइसमध्ये सुमारे ४ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम चरबी निघते. मोझरेला तेवढ्याच वजनाचे घेतले, तर प्रथिने साडेचार-पाच ग्रॅम आणि चरबीही जवळपास तितकीच. म्हणजे प्रथिनांच्या नावाने आपण निम्मी चरबीच विकत घेतो. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठही बरेच असते, तेव्हा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी त्यापासून लांबच राहावे.

आता घरचे पनीर पाहू. एक लिटर टोन्ड दुधात सुमारे ३० ग्रॅम चरबी आणि ३२ ग्रॅम प्रथिने असतात. दूध उकळून लिंबू पिळले की प्रथिनांचा मोठा भाग, सुमारे २५ ग्रॅम, चोथ्यात येतो. बाकीची प्रथिने निवळीत जातात. चरबी मात्र बहुतेक सगळी पनीरमध्येच अडकते. दीडशे-एकशेसाठ ग्रॅम पनीर निघाले, तर त्याचे आठ तुकडे करा. प्रत्येकात ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि साडेतीन ग्रॅम चरबी. चीजपेक्षा फार वेगळे नाही, पण इथे लगाम आपल्या हातात असतो. डबल टोन्ड दूध घेतले तर चरबी निम्म्यावर येते आणि प्रथिने तेवढीच राहतात. पनीर थोडे कमी आणि जरा कोरडे होते, एवढेच. म्हशीच्या दुधाचे मऊ लागते, ते या चरबीमुळेच. निवळी मोरीत ओतू नका, तिच्यात कणीक मळा.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती नुसत्या स्लाइसवर भागवायची तर बारा स्लाइस खाव्या लागतील, आणि त्यांच्याबरोबर ६० ग्रॅम चरबी पोटात जाईल. एका अंड्यात मात्र ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. तीस ग्रॅम कुळथाच्या पिठाच्या पिठीतही जवळपास तेवढीच, आणि चरबी नाममात्र. कडधान्याची प्रथिने एकटी दुधाइतकी पूर्ण नसतात, हे खरे. पण पिठी भातासोबत खाल्ली की ती उणीव बरीच भरून निघते, आणि आपल्याकडे ती भाताबरोबरच खातात.

अगदी किडकिडीत, वाढत्या पोराला चरबीही हवी असते, त्याला चीज किंवा पनीर खुशाल द्यावे. माझा आक्षेप आहे तो कुळीथ-अंडी बाजूला सारून स्लाइस आणण्याला. आणायचीच असेल, तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. तिच्यात वनस्पती तेल दिसले, तर ते दुधाचे चीज नव्हे, आणि त्यात प्रथिने बहुधा आणखी कमी असतात.