जाण्याआधीचा शोक

कृष्णाकाठच्या एखाद्या गावातील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील कर्ते पुरुष, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, अडुसष्ट वर्षांचे आहेत. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरल्याचे निदान झाले आहे. आता रोग बरा करणारे उपचार उरलेले नाहीत, वेदना कमी ठेवता येतील, आणि साधारण तीन महिन्यांचा काळ हाती आहे, असे डॉक्टरांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले आहे. अण्णांना घरी आणले आहे. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, उशाशी पाण्याचे भांडे, माजघरात हलविलेली खाट, असा दिनक्रम बसला आहे.

मृत्यू अजून दूर आहे, तरी या घरात शोक सुरू झालेला आहे. अण्णांच्या पत्नी रात्री दोन-तीनदा दचकून उठतात आणि अंधारातच त्यांची छाती वरखाली होते आहे ना, हे पाहतात. धाकटी लेक पुण्याहून दर शनिवारी येते. येताना एस्टीत रडून घेते आणि घरात पाऊल टाकताना चेहरा हसरा करते. अण्णांची धोतरे घडी घालताना सुनेला एकाएकी हुंदका फुटतो. धोतर नेसणे तर दीड महिन्यापूर्वीच थांबले आहे. थोरला मुलगा मात्र रडत नाही. तो बँकेची आणि सोसायटीची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवतो आणि दिवस दिवस शेतावरच राहतो.

मृत्यूची चाहूल लागल्यापासून प्रत्यक्ष मृत्यूपर्यंत कुटुंबाच्या मनात चालणाऱ्या या दुःखाला ‘पूर्वशोक’ म्हणता येईल. या अवस्थेची स्पष्ट नोंद एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ साली केली. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९४२ मध्ये एका नाइट क्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे दगावली होती. त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांचा आणि मृतांच्या आप्तांचा अभ्यास करून त्याने शोकाविषयी एक निबंध लिहिला. त्याच निबंधाच्या शेवटी युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा उल्लेख येतो. ‘तो आता परत येणार नाही’ असे मनाशी धरून काही पत्नींनी इतका संपूर्ण शोक केलेला असे, की पती सुखरूप परतला तेव्हा त्याच्यासाठी त्यांच्या मनात जागाच उरलेली नसे. शोकाचे काम पुरे झाले होते. माणूस मात्र जिवंत होता.

पूर्वशोक कसा असतो आणि त्याचा धोका कोठे असतो, हे दोन्ही या उदाहरणातून कळते. हा शोक केवळ येणाऱ्या मृत्यूचा नसतो. थेरेसा रँडो या अभ्यासिकेने १९८६ च्या सुमारास दाखवून दिले, की माणूस एकाच वेळी तीन काळांतील हानी सोसत असतो: जे आधीच गेले ते, जे आज डोळ्यांदेखत जात आहे ते, आणि जे पुढे नसणार ते. सुनेला धोतराची घडी घालताना रडू येते ते पहिल्या हानीसाठी. पहाटे उठून गोठ्याकडे जाणारे, ताठ चालणारे अण्णा केव्हाच गेलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी सांत्वनाला आलेले नाही. लेक एस्टीत रडते ती बहुधा तिसऱ्या हानीसाठी. तिच्या मुलीच्या लग्नात आजोबा नसतील, हे तिला आजच दिसते आहे.

म्हणूनच एका घरातील माणसांचा शोक एका गतीने चालत नाही. पत्नीच्या मनाने निदान अजून मानलेले नाही, आणि मुलाने ते पहिल्याच दिवशी मानून टाकले आहे. आईला मुलगा निष्ठुर वाटतो. मुलाला आई भाबडी वाटते. या वेगळेपणाची ठिणगी बहुधा अन्नावरून पडते. अण्णांना जेवण नकोसे झाले आहे. आई मुगाचे कढण, भाताची पेज असे काही ना काही घेऊन तासातासाला खाटेशी बसतात आणि ‘दोनच घास’ म्हणून आग्रह करतात. मुलगा चिडतो. येथे वैद्यकीय वस्तुस्थिती ठाऊक असणे उपयोगी पडते. अशा आजाराच्या अखेरच्या टप्प्यात शरीराची अन्न वापरण्याची शक्तीच क्षीण होते. भूक मंदावणे हा रोगाचाच भाग असतो. आग्रहाने भरविलेल्या घासाने ताकद येत नाही. उलट मळमळ होते, कधी घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. पण आईला हे सांगताना हेही ध्यानात ठेवावे, की वाटी पुढे करणे हीच चाळीस वर्षे त्यांची माया सांगण्याची रीत होती. ती काढून घेतली तर तिच्या जागी काही द्यावे लागते: ओल्या कापसाने ओठ भिजविणे, तळपायांना तेल चोळणे, शेजारी बसून राहणे.

तीन महिने सरतात, चौथाही सरतो. अण्णा आहेत. डॉक्टरांनी दिलेली मुदत हा केवळ अंदाज असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. अशा वाढलेल्या दिवसांत एका रात्री चादर बदलताना सुनेच्या मनात येते, ‘आता सुटावेत.’ त्या विचाराने ती हादरते आणि पुढे आठ दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नाही. हा विचार ज्यांच्या मनात येतो ते बहुतेक जण तो कोणालाही सांगत नाहीत. पण दीर्घ शुश्रूषा करणाऱ्यांत तो अगदी सर्रास आढळतो. माणूस नको झाला, असा त्याचा अर्थ नसतो. त्याचे हाल आणि स्वतःचा शीण संपावा, एवढाच असतो. हे तिला कोणीतरी शब्दांत सांगितले पाहिजे, कारण न सांगितलेला हा अपराधभाव मृत्यूनंतर अधिक जड होतो.

लिंडेमानने पाहिलेला धोकाही याच दिवसांत घरात शिरतो. मुलाने मनातून वडिलांना निरोप देऊन टाकला आहे. तो औषधे आणतो, पाय चेपतो, पण त्यांना काही विचारत नाही. “ऊसतोडीची टोळी आली का?” असे अण्णांनी विचारले, तर “सगळं झालंय, तुम्ही काळजी करू नका,” एवढेच उत्तर येते. इकडे भेटीला आलेली वडीलधारी मंडळी घरच्यांना बजावतात, “समोर रडू नका, त्यांचे परिणाम बिघडतील.” हेतू चांगलाच असतो, रोग्याचे मन शांत राहावे, हीच इच्छा असते. परंतु व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो, की सारे जण आतल्या खोलीत रडतात आणि खाटेजवळ हवापाण्याच्या गोष्टी बोलतात. अण्णांना काय झाले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तरी शरीर सांगते, कुजबुज सांगते, आणि ते ओळखून असतात. त्यांचाही पूर्वशोक चालूच असतो. शेत, घर, पत्नी, स्वतःचा देह, हे सारे त्यांना एकाच वेळी सोडायचे आहे, आणि त्याविषयी बोलायला घरात एकही माणूस मोकळा नाही.

परिहारक उपचारांच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या पथकातील अनुभवी परिचारिका अशा घरात सत्य एकदम उघड करीत नाहीत. त्या रोग्याला आधी विचारतात, “तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं? आणखी जाणून घ्यायचं आहे का?” उत्तर नाही असे आले, तर तेथेच थांबतात. अण्णा म्हणतात, “मला ठाऊक आहे. पोरांना सांगू नका, त्यांना सोसायचं नाही.” दोन्ही बाजू एकमेकींना जपण्यासाठी एकच गोष्ट लपवीत होत्या, हे त्या दिवशी कळते.

दुसऱ्या दिवशी मुलगा खाटेजवळ बसून विचारतो, “अण्णा, खालच्या रानातला ऊस तुटला. खोडवा ठेवू का मोडू?” प्रश्न खरा आहे आणि उत्तर वडिलांपाशी आहे. अण्णा थकत थकत, थांबत थांबत पाच मिनिटे बोलतात: त्या रानाला पाणी लागते, एक खोडवा निघाला आहे, आता मोडून हरभरा करावा. मग म्हणतात, “तुझ्या आईला एकटी झोपवू नका.” मुलाचे डोळे भरून येतात, आणि या वेळी तो उठून बाहेर जात नाही. त्यानंतरच्या दिवसांत भाऊबंदांशी जुन्या बांधावरून असलेला अबोला अण्णा स्वतःहून क्षमा मागून संपवितात. अश्रूंनी त्यांचे परिणाम बिघडले नाहीत. उलट मनावरचा भार उतरल्यावर ते अधिक शांत झाले.

आधी इतके रडून झाले म्हणजे नंतरचे दुःख तेवढे कमी होईल, असा समज मात्र धरू नये. शोक हा हप्त्याहप्त्याने फेडायचा देणेकरी नव्हे. संशोधनातून दिसते ते याउलट आहे: मृत्यूपूर्वी ज्यांचा शोक फार तीव्र असतो, त्यांना पुढेही तो अधिक जड जाण्याचा संभव असतो. उपयोगी पडते ती तयारी. अखेरच्या दिवसांत श्वास कसा बदलतो, हातपाय गार का पडतात, रात्री वेदना वाढली तर कोणाला बोलवायचे, रुग्णालयात न्यायचे की घरीच ठेवायचे, हे ज्या घराला आधी ठाऊक असते आणि जेथे बोलायचे ते बोलून झालेले असते, ते घर नंतर तुलनेने लवकर सावरते.

पूर्वशोक आणि नैराश्य यांतील सीमाही ओळखावी. शोक लाटांसारखा येतो. मधल्या वेळी नातवाच्या बोलण्यावर हसू येते, जेवणाला चव लागते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नाही, दुसरे कोणी जागे असतानाही झोप येत नाही, स्वतः निरुपयोगी असल्याची भावना हटत नाही, किंवा आपणही जगू नये असे वाटू लागते, तेव्हा डॉक्टरांना दाखविले पाहिजे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही त्यासाठी उपलब्ध आहे.

पाचव्या महिन्यात एका पहाटे अण्णा गेले. सुनेला प्रथम हलके वाटले, आणि तासाभराने ती कोसळून रडली. दोन्ही भावना खऱ्या होत्या, आणि सासूबाईंनी तिला दोन्हींबद्दल काही विचारले नाही. नुसते जवळ घेतले. खालच्या रानात तेव्हा हरभरा उगवून आला होता. त्या रात्रीपासून धाकटी लेक आईच्या खोलीत झोपू लागली.