चार नव्हे, तीन : टार्टारिक आम्ल हातात घेऊन शिकवूया

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, बारावीच्या किंवा प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला एक प्रश्न विचारून बघा. टार्टारिक आम्लाचे प्रकाशीय समघटक किती? बहुतेक मुलं क्षणात सांगतात, "चार." कारण दोन स्टिरिओसेंटर आहेत आणि सूत्र 2ⁿ आहे. उत्तर मात्र तीन आहे. मूल ढ आहे म्हणून ते चुकत नाही. आपण आधी सूत्र देतो आणि मेसो संयुग शेवटी "अपवाद" म्हणून चिकटवतो, म्हणून ते चुकतं. माझं म्हणणं असं की या धड्याची सुरुवातच टार्टारिक आम्लापासून करावी आणि 2ⁿ नंतर येऊ द्यावं.

टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतलं आंबट. द्राक्षातही तेच असतं. रेणू चार कार्बनचा आहे. दोन्ही टोकांना COOH आणि मधल्या दोन्ही कार्बनवर एकेक H आणि OH. मधल्या प्रत्येक कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत, म्हणून दोन्ही स्टिरिओसेंटर झाले. फळ्यावर फिशर पद्धतीने काढले तर हे असे दिसतात :

```
    (१)            (२)            (३)
   COOH           COOH           COOH
H ──┼── OH    HO ──┼── H      H ──┼── OH
HO ─┼── H      H ──┼── OH     H ──┼── OH
   COOH           COOH           COOH
```

पहिला आर-आर, दुसरा एस-एस आणि तिसरा आर-एस. आता मूल विचारतं, "सर, दोन्ही OH डावीकडे असलेला चौथा कुठे गेला?" इथे सूत्र सांगू नका. तिसरी आकृती एका कागदावर काढायला लावा आणि कागद टेबलावरच ठेवून अर्धा फेरा फिरवायला सांगा. वरचं COOH खाली गेलं, खालचं वर आलं आणि दोन्ही OH डावीकडे आले. चौथा वेगळा कोणी नव्हताच, तिसराच उलटा होऊन बसला होता. आता पहिली आकृती तशीच फिरवा. ती फिरून पुन्हा पहिलीच होते, दुसरी काही केल्या होत नाही. म्हणजे पहिली आणि दुसरी खरोखर वेगळी आहेत.

यात एक धोका आहे. मुलं कागद उचलून पालथा करतात आणि उजेडाला धरून म्हणतात, "पहिली आणि दुसरी सारखीच की!" फिशर आकृतीत आडव्या रेषा आपल्याकडे येतात आणि उभ्या मागे जातात. कागद पालथा केला की आडवं मागे गेलं, म्हणजे आपण रेणू फिरवला नाही, त्याची आरसा-प्रतिमा केली. पाव फेरा देणंही याच कारणाने चालत नाही. फक्त अर्धा फेरा, तोही टेबलावर.

आता शब्दांकडे येऊ, कारण खरा गोंधळ इथे आहे. मुलं लिहितात, "आर-एस टार्टारिक आम्ल हा डायस्टिरिओमर आहे." एखादीबद्दल "ती नणंद आहे" एवढंच सांगितलं तर आपण लगेच विचारतो, कोणाची? एनॅन्शिओमर आणि डायस्टिरिओमर हे नात्याचे शब्द आहेत, ते दोघांमध्येच लागतात. पहिला आणि दुसरा एकमेकांचे एनॅन्शिओमर, कारण ते आरशातल्या प्रतिमा आहेत पण एकमेकांवर बसत नाहीत. पहिला आणि तिसरा डायस्टिरिओमर, दुसरा आणि तिसराही डायस्टिरिओमर. मेसो हा शब्द मात्र नात्याचा नाही. "डावखुरा" म्हणतो तसं ते एकट्याचं वर्णन आहे : स्टिरिओसेंटर असूनही जो स्वतःच्या आरसा-प्रतिमेवर बसतो तो. एवढा फरक मुलाला कळला की निम्मी लढाई तिथेच संपते.

हे नातं फक्त कागदावरचं नाही. एनॅन्शिओमर असलेल्या पहिल्या-दुसऱ्याचा द्रवणांक एकच, सुमारे १७० अंश सेल्सिअस. पाण्यातली विद्राव्यताही एकच. फरक दिसतो तो ध्रुवित प्रकाशात : एक उजवीकडे वळवतो, दुसरा तेवढाच डावीकडे. मेसोचा द्रवणांक त्यांच्याहून कमी आहे आणि आम्लताही थोडी वेगळी. डायस्टिरिओमर म्हणजे सरळ सरळ दोन निराळे पदार्थ.

मग हुशार मूल विचारतं, "मेसो प्रकाश वळवत नाही आणि पहिल्या-दुसऱ्याचं समसमान मिश्रणही वळवत नाही. मग ओळखायचं कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्या मिश्रणाला रेसिमिक म्हणतात. त्याचा द्रवणांक सुमारे २०६ अंश आहे आणि ते पाण्यात बरंच कमी विरघळतं. पण मोठा फरक असा की रेसिमिक वेगळं करता येतं. १८४८ मध्ये लुई पाश्चरने त्याच्या सोडियम अमोनियम क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडून दोन ढिगाऱ्यांत वेगळे केले. एका ढिगाऱ्याचं द्रावण प्रकाश एका बाजूला वळवत होतं, दुसऱ्याचं उलट बाजूला. हे दोन प्रकारचे स्फटिक साधारण २७ अंशांच्या खालीच वेगळे बनतात, आपल्याकडच्या मे महिन्यात हा प्रयोग फसलाच असता! मेसोमधून मात्र कितीही निवडा, दोन ढिगारे निघणार नाहीत. तिथे एकाच रेणूतला आर अर्धा भाग एस अर्ध्याला खोडून काढतो.

आणखी एका ठिकाणी चांगली मुलंही घसरतात. परीक्षेत रेणू नागमोडी साखळीत काढलेला असतो. दोन्ही OH ठळक पाचरीवर, म्हणजे दोन्ही आपल्याकडे, दिसले की मूल म्हणतं, "सारखे आहेत, मेसो." चूक! टार्टारिक आम्लाच्या नागमोडी आकृतीत दोन्ही OH एकाच बाजूला असतील तर तो आर-आर किंवा एस-एस असतो, आणि एक पुढे एक मागे असेल तर मेसो. कारण फिशर आकृतीत साखळी वाकवून धरलेली असते. नागमोडी करताना मधला बंध अर्धा फिरतो आणि एका OH ची बाजू बदलते. हे तोंडी सांगून पटत नाही. मॉडेलचा संच नसेल तर मातीचे गोळे आणि दातकोरणी घ्या, मेसो बनवा आणि मधल्या बंधावर मुलाला स्वतः फिरवू द्या.

एवढं झालं की मगच 2ⁿ सांगा, आणि ते "जास्तीत जास्त" म्हणून सांगा. रेणूचे दोन अर्धे भाग सारखे असतील तरच मेसो मिळतो. थ्रिओनिन या अमिनो आम्लातही दोन स्टिरिओसेंटर आहेत, पण एका टोकाला COOH आणि दुसऱ्या टोकाला CH₃. तिथे पुरे चार समघटक मिळतात, मेसो एकही नाही.

मग सरावाला क्षयरोगाच्या उपचारातलं एथॅम्ब्युटॉल द्या. यातले दोन स्टिरिओसेंटर शेजारी नाहीत, मध्ये नायट्रोजन, दोन कार्बन आणि पुन्हा नायट्रोजन आहे, पण दोन्ही अर्धे भाग सारखेच. समघटक किती, मुलालाच मोजू द्या. रुग्णाला दिलं जातं ते एस-एस. मेसो त्याच्या मानाने खूपच दुबळं आणि आर-आर जवळजवळ निरुपयोगी. नजरेवर दुष्परिणाम होऊ शकणारं हे औषध आहे, त्यामुळे निरुपयोगी समघटक गोळीत भरून डोस वाढवणं परवडणारं नसतं. या तीन रूपांपैकी कोणतं कोणाचं कोण लागतं, ते त्याच्याकडून वहीत लिहून घ्या.