दहा चेंडूंची किंमत

बारावीला आपण सगळ्यांनी परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा केलाय. nCr चं सूत्र पाठ करून पाच-सहा मार्क पदरात पाडून घेतले आणि सीईटी झाल्यावर ते सूत्र अडगळीत टाकलं. त्यामुळेच असेल, पण लॉटरीचा विषय निघाला की मेसमधल्या टेबलावर भावी इंजिनिअर मंडळी जे बोलतात ते ऐकून मॅथ्सच्या सरांना चक्कर यावी. "१-२-३-४-५-६ कधी येणं शक्य आहे का?", "२३ नंबर बरेच दिवस आला नाही, आता येणारच", "विंगने मिळून वीस तिकिटं काढू, मग नक्की लागेल." माझं म्हणणं एवढंच आहे की तिकीट काढायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आपण काय विकत घेतोय हे दहा मिनिटांत कागदावर काढता येतं, आणि इंजिनिअरने ते काढलंच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटावर नंबर आधीच छापलेला असतो. आज बघायची ती दुसऱ्या जातीची लॉटरी, जिथे सहा आकडे आपणच निवडायचे असतात. उदाहरणाला ब्रिटनची नॅशनल लॉटरी घेऊ, कारण तिचे नियम सरळ आहेत आणि त्यात मध्येच एक मजेशीर बदल झालाय. १९९४ साली ती सुरू झाली तेव्हा १ ते ४९ मधले सहा वेगवेगळे आकडे निवडायचे होते. सोडतीच्या वेळी यंत्रातून ४९ चेंडूंपैकी सहा बाहेर पडतात. एकदा पडलेला चेंडू परत आत टाकत नाहीत. सहाही जुळले की जॅकपॉट. कोणता आधी पडला, कोणता नंतर, याला काही किंमत नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे.

आधी छोटं गणित करू. विंगमध्ये पाच जण आहेत आणि गणपतीची वर्गणी गोळा करायला दोघांना पाठवायचंय. पहिला माणूस पाच प्रकारे निवडता येईल, दुसरा उरलेल्या चारांतून. ५ × ४ = २०. पण या वीसमध्ये "अमोल आणि सचिन" ही जोडी एकदा आणि "सचिन आणि अमोल" ही परत एकदा मोजली गेली. दारात उभे राहणार तेच दोघे. म्हणजे प्रत्येक जोडी दोनदा मोजली, म्हणून २० ला २ ने भागायचं. खऱ्या जोड्या १०. खात्री नसेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहून मोजा.

तिघांना पाठवायचं असेल तर ५ × ४ × ३ = ६०. पण तीन माणसं एका रांगेत ३ × २ × १ = ६ प्रकारे उभी राहू शकतात, म्हणजे प्रत्येक तिकडी सहा वेळा मोजली गेली. ६० भागिले ६, परत १०. झालं, nCr म्हणजे एवढंच आहे. आधी क्रम धरून मोजायचं आणि मग एकाच गटाचे जितके क्रम होतात तितक्याने भागायचं.

आता ४९ चेंडू. पहिला चेंडू ४९ प्रकारे, दुसरा ४८, असं करत सहावा ४४ प्रकारे.

४९ × ४८ × ४७ × ४६ × ४५ × ४४ = १०,०६,८३,४७,५२०

म्हणजे हजार कोटींच्या वर. पण सहा आकड्यांचे क्रम ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ७२० होतात आणि तिकिटावर ते सगळे एकच. म्हणून ७२० ने भागायचं. हे गुणाकार करून मग भागण्यात काही शहाणपणा नाही, आधी काटाकाट करा. खालचे ६, ४ आणि २ मिळून ४८ होतात, ते वरच्या ४८ ला खातात. खालचे ५ आणि ३ मिळून १५, त्याने ४५ चे ३ होतात. उरलं:

४९ × ४७ × ४६ × ४४ × ३ = १,३९,८३,८१६

म्हणजे एका तिकिटाला जॅकपॉट लागण्याची शक्यता सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक.

इथे पोरं दोन ठिकाणी हमखास घसरतात. काही जण ४९ चा सहावा घात करतात. तो १,३८४ कोटींच्या वर जातो, कारण त्यात चेंडू दर वेळी परत आत टाकलाय असं धरलं जातं. काही जण ७२० ने भागायचं विसरतात. उत्तर बरोबर आहे का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. दुसऱ्या बाजूने या. आपल्या तिकिटावर सहा आकडे आहेत, तर पहिला पडलेला चेंडू आपला असण्याची शक्यता ६/४९. तो जुळला तर दुसऱ्याची ५/४८, मग ४/४७, ३/४६, २/४५ आणि शेवटी १/४४. हे सहा अपूर्णांक गुणले की तेच उत्तर येतं. दोन रस्ते एकाच गावाला पोचले, म्हणजे रस्ता बरोबर.

पण १ कोटी ४० लाख हा आकडा डोक्यात बसत नाही. तो सेकंदांत मोजू. एका दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणजे १,३९,८३,८१६ सेकंद म्हणजे जवळजवळ १६२ दिवस. समजा मी १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून ११ जूनच्या रात्रीपर्यंतचा एकच सेकंद मनात धरला, आणि तुम्ही एका फटक्यात तो ओळखायचा. तुमच्या हातात जे तिकीट आहे ते हे आहे.

आता तो मजेशीर बदल. ऑक्टोबर २०१५ मध्ये या लॉटरीत ४९ च्या जागी ५९ चेंडू आले. निवडायचे आकडे सहाच. ऐकायला काय वाटतं? दहा चेंडू वाढले, म्हणजे वीस टक्के वाढ, तर जिंकणं वीस टक्क्यांनी अवघड झालं असेल. करून बघू. इथे काटाकाट आणखी सोपी आहे. ५४ ला ६ ने, ५५ ला ५ ने, ५६ ला ४ ने, ५७ ला ३ ने, ५८ ला २ ने भागा.

५९ × २९ × १९ × १४ × ११ × ९ = ४,५०,५७,४७४

साडेचार कोटी! जिंकणं तिपटीहून जास्त अवघड झालं, नेमकं सांगायचं तर ३.२२ पट. आपले ते १६२ दिवस आता ५२१ दिवसांवर गेले. कारण वरच्या अपूर्णांकांतच दिसतं. ६/४९ चं ६/५९ झालं, ५/४८ चं ५/५८, आणि असं सहाही ठिकाणी. प्रत्येक पायरी वीस-बावीस टक्क्यांनी उंच झाली आणि या पायऱ्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. चक्रवाढ व्याजासारखंच. १.२ चा सहावा घात कॅल्क्युलेटरवर काढा, तीनच्या आसपास येतो.

मग हा बदल लोकांना लुबाडायला केला का? तसं सरळ म्हणता येत नाही. त्याच वेळी दोन आकडे जुळले तर पुढच्या सोडतीचं एक तिकीट फुकट द्यायला सुरुवात झाली, आणि दोन जुळण्याची शक्यता साधारण दहात एक आहे. म्हणजे "काहीतरी लागण्याची" शक्यता खरंच वाढली. पण ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा आणखी एक तिकीट, साडेचार कोटींत एक वालं. जॅकपॉट लागेनासा झाला की रक्कम पुढच्या सोडतीत जाते आणि फुगत राहते. ९ जानेवारी २०१६ ला ती ६.६ कोटी पौंडांपर्यंत गेली आणि दोन तिकिटांत वाटली गेली. मोठा आकडा बघून आणखी लोक तिकीट काढतात. रक्कम पोस्टरवर मोठी दिसते, पण छेदातली संख्या मनात कोणी मोठी करत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. ज्याला nCr येतं त्याला हा सौदा काय आहे ते त्याच दिवशी कळतं, बाकीच्यांना "दहाच तर वाढले" असं वाटत राहतं.

आता मेसमधल्या तीन मुद्द्यांकडे. १-२-३-४-५-६ ही त्या एक कोटी एकोणचाळीस लाखांमधली एक निवड आहे, तुमच्या लकी आकड्यांइतकीच शक्य. चेंडूंना मागची सोडत आठवत नाही, त्यामुळे "आता येणारच" हेही बाद. वीस तिकिटांनी शक्यता वीसपट होते हे खरं, म्हणजे जुन्या नियमाने सात लाखांत एक. पण बक्षीसही वीस जणांत वाटायचंय. दर माणशी हिशोब तिथेच राहतो, फक्त वर्गणी गोळा करायची कटकट वाढते.

तरीही कोणते आकडे निवडावेत याला एका बाबतीत अर्थ आहे. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे आले आणि जॅकपॉट एकदम १३३ जणांना लागला! सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची रक्कम वाटल्यावर प्रत्येकाच्या हाती साधारण सव्वा लाखाच्या आत आली. लोकांनी आकडे चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर १३३ विजेते मिळायला १८६ कोटी तिकिटं खपायला हवी होती, आणि तेव्हा ब्रिटनची लोकसंख्या सहा कोटींच्या आत होती. म्हणजे माणसं आकडे निवडताना एकमेकांसारखाच विचार करतात. जन्मतारखा, सात, सतरा, तिकिटाच्या मधल्या भागातले आकडे. आपलं कॉम्बिनेशन लागेल का हे चेंडू ठरवतात, पण लागल्यावर हातात किती पडेल हे आपल्यासारखे किती वेडे आहेत त्यावर ठरतं. nCr पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, दुसऱ्याचं नाही. १-२-३-४-५-६ न निवडण्याचं खरं कारणही हेच आहे. ते येणार नाही असं नाही, पण आलं तर वाटेकरी फार असतील.

तेव्हा पुढच्या वेळी विंगमध्ये कोणी लॉटरीची वर्गणी मागायला आला तर त्याला एकच विचारा, "चेंडू किती आणि निवडायचे किती?" मग पेन काढा, वर सहा संख्या लिहा, खाली ७२०, आणि काटाकाट सुरू करा. उत्तर बघूनही ज्याला पैसे द्यायचेत त्याने खुशाल द्यावेत. निदान मिळणारी वस्तू किती बारीक आहे ते बघून तरी देईल.