वरून एकदम नॉर्मल!

माझी एक मैत्रीण एचआरमध्ये आहे. स्मार्ट, बोलकी! पण समोरच्याच्या डोळ्यांत किती सेकंद बघायचं, हे ती मनात मोजते. लंचच्या गप्पा आदल्या रात्री पाठ करते. घरी आली की दिवे बंद करून पडून राहते. या लपवालपवीलाच मास्किंग म्हणतात. ऑटिझमचं निदान झालं थेट ३६व्या वर्षी.

इतका उशीर का? २०१३च्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीतच म्हटलंय, लक्षणं लहानपणापासूनची असतात, पण शिकलेल्या युक्त्यांमागे ती झाकली जाऊ शकतात. म्हणून सायकॉलॉजिस्टने तिच्या आईला बोलावून लहानपणाबद्दल विचारलं.

आई म्हणाली, “वर्गात पहिली यायची हो! मधल्या सुट्टीत मात्र एकटीच बसचे नंबर लिहीत बसायची.”

आता सांगा, शांत आणि हुशार मुलीची काळजी कोण करतं?