विश्लेषण : सोनीचा फसलेला राइस कुकर आणि आठ स्लाइडची गोष्ट

उद्योजकाच्या पहिल्या फसलेल्या उत्पादनाची गोष्ट आठ-दहा स्लाइडमध्ये सांगणारी ‘कॅरोसेल’ पोस्ट इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवर आता रोजचीच झाली आहे. आधी उमेद, मग आपटी, शेवटी यश असा तिचा साचा ठरलेला असतो. सोनीच्या राइस कुकरची गोष्टही याच साच्यात वारंवार सांगितली जाते. पण या साच्यातून एक स्लाइड हमखास गळते. नेमके काय चुकले, हे सांगणारी स्लाइड.

मूळ घटना काय?

१९४५ मध्ये युद्ध संपल्यावर मसारू इबुका यांनी टोकियोत शिरोकिया या मोठ्या दुकानाच्या इमारतीत एक छोटी कार्यशाळा थाटली. ‘सोनी’ हे नाव तेव्हा नव्हते, कंपनीने ते १९५८ मध्ये धारण केले. युद्धसामग्रीचे कारखाने बंद पडल्याने वीज शिल्लक होती आणि घरोघरी लागणाऱ्या वस्तूंचा तुटवडा होता. विजेवर भात शिजवणारे भांडे करावे, असे इबुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले. लाकडी टबाच्या तळाशी त्यांनी ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोड बसवले. पण भात कधी कच्चा राहायचा, कधी त्याचा गिचका व्हायचा. हे भांडे फसले.

साच्यातील गोष्ट कुठे फसते?

नेहमीच्या पोस्टमध्ये पहिल्या स्लाइडवर लाकडी टबाचे छायाचित्र असते, तिसरीवर ‘भात जळला’ आणि शेवटच्या स्लाइडवर १९७९ चा वॉकमन. मधली तीसेक वर्षे ‘त्यांनी हार मानली नाही’ या एका वाक्यात जातात. वाचकाला हुरूप येतो, पण हाती काही लागत नाही. असा आलेख दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. अपयश आले, चिकाटी धरली आणि म्हणून यश मिळाले, असे नाते त्यातून सूचित होते. प्रत्यक्षात कुकर आणि वॉकमन यांना जोडणारा असा धागा नाही.

भावनेचा तळ कुठे असावा?

बहुतेक जण तळ घटनेवर ठेवतात : झाकण उघडले आणि भात बिघडलेला निघाला. तो एक स्लाइड पुढे, कारणावर ठेवावा. घटनेने हळहळ वाटते, तर कारण कळल्यावर ‘अरे, हे तर माझ्याही बाबतीत होऊ शकते’ असे वाटते. गोष्ट वाचकाची होते ती तिथे.

या कुकरचे कारण सांगण्यासारखे आहे. त्यात तापणारी तार नव्हती. वीज थेट ओल्या तांदळातून जायची आणि त्यानेच तो तापायचा. भात शिजून कोरडा झाला की वीज वाहायला वाट उरणार नाही आणि भांडे आपोआप बंद पडेल, अशी कल्पना होती. कल्पना हुशारीची होती. पण त्यामुळे तांदूळ आणि पाणी हेच यंत्राचे सुटे भाग झाले. तांदळाचा प्रकार किंवा पाण्याचे प्रमाण बदलले की निकाल बदलायचा. भात झाला की नाही हे कळण्याचा भरवशाचा मार्ग त्या भांड्याकडे नव्हता. दोष मेहनतीत नव्हता, ज्या गोष्टीवर भिस्त ठेवली तिच्यात होता.

मग आठ स्लाइड कशा लावाव्यात?

पहिलीवर टबाचे छायाचित्र आणि एकच ओळ : ‘या टबात भात शिजणार होता.’ दुसरीवर १९४५ चे टोकियो, शिल्लक वीज आणि रिकामी बाजारपेठ. पुढे न सरकवणाऱ्याला इन्स्टाग्राम कधी कधी नंतर दुसरीच स्लाइड दाखवते, म्हणून ती एकटी वाचली तरी कळली पाहिजे. तिसरीवर आपोआप बंद पडण्याची कल्पना. ती खरोखर पटेल अशी मांडावी, कारण वाचकाला आधी मोह पडला नाही तर पुढे धक्का बसत नाही. चौथीवर कच्चा आणि गिचका झालेला भात, शब्द अगदी कमी. पाचवीवर कारण, सर्वांत सावकाश आणि साध्या भाषेत.

सहावीपासून वर चढायचे, पण उडी मारायची नाही. पगार भागवण्यासाठी या मंडळींनी विजेवर तापणारी उशी विकली. चांगले नाव खराब होऊ नये म्हणून ती ‘गिंझा हीटिंग कंपनी’ अशा अर्थाच्या दुसऱ्याच नावाने विकली गेली. ती खपली, पण पांघरुणे भाजल्याच्या तक्रारीही आल्या. सातवीवर १९५० चा टेप रेकॉर्डर. तो नीट चालत होता, पण जड आणि महाग असल्याने सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. कुकरला मागणी होती, यंत्र जमले नाही. इथे यंत्र जमले, मागणी नव्हती. दोन अपयशांतला हा फरक वाचकाला कोणत्याही सुविचारापेक्षा अधिक देतो.

शेवट कशाने करावा?

वॉकमनने नको. आठव्या स्लाइडवर पुन्हा भातच यावा. १९५५ मध्ये तोशिबाने स्वयंचलित राइस कुकर बाजारात आणला. योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने तो घडवला आणि त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून त्याच्या चाचण्या घेतल्या. त्यात दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यातले मोजके पाणी आटले की तापमान शंभर अंशांच्या वर जायचे आणि उष्णतेने वाकणारी धातूची पट्टी वीज तोडायची. आतला तांदूळ कोणताही असो, खूण बाहेरच्या पाण्याची. इबुकांना न सुटलेला प्रश्न असा दुसऱ्यांनी सोडवला. त्याच वर्षी इबुकांच्या कंपनीने टीआर-५५ हा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आणला. या शेवटात यश आहे, पण ते ज्याने त्याने कमावलेले आहे.

आपली पोस्ट तपासायची कशी?

प्रत्येक दोन स्लाइडच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ घालून पाहावे. ‘भांडे बंद होईल अशी कल्पना होती, पण तांदूळ बदलला की निकाल बदलायचा, म्हणून ते विकता येईना’ हे जुळते. जिथे फक्त ‘आणि मग’ बसते, तिथे एखादी पायरी गाळलेली असते. दुसरी कसोटी म्हणजे शेवटची स्लाइड झाकावी. यश दिसत नसतानाही पाचव्या स्लाइडवरून वाचक काही शिकत असेल, तर गोष्ट उभी आहे.

या मांडणीला मर्यादाही आहे. अपयशाची गोष्ट सांगायला उरतो तो बहुधा पुढे सावरलेला माणूस. कारण शोधतानाही तो स्वतःला सोयीचे तेच उचलू शकतो : काळ पुढचा होता, ग्राहक तयार नव्हते वगैरे. म्हणून कारणाच्या स्लाइडवर वस्तूबद्दल तपासता येईल असे एक तरी वाक्य हवे. ‘तांदूळ बदलला की निकाल बदलायचा’ हे तसे वाक्य आहे. ‘आम्ही काळाच्या पुढे होतो’ हे नाही. पहिल्या वाक्याचा उपयोग उद्या स्वतःचे यंत्र घडवणाऱ्याला होईल, दुसऱ्याचा फक्त ते लिहिणाऱ्याला.